विश्लेषण : शाळेसाठी ॲप निवडताना गुणांची बेरीज का फसवते?

वर्गात वापरण्यासाठी एखादे शैक्षणिक ॲप घ्यायचे की नाही, हे ठरवण्यापूर्वी शिक्षकांकडून मूल्यमापन अहवाल मागवला जातो. अध्यापन, सुलभता, खर्च आणि विदा गोपनीयता असे चार निकष असतात. प्रत्येकाला दहापैकी गुण देऊन बेरीज केली की अहवाल पूर्ण झाला, असे मानले जाते. मात्र ही बेरीजच अनेकदा दिशाभूल करते. सहावीला अपूर्णांक शिकवणाऱ्या एका काल्पनिक ॲपच्या उदाहरणातून ते पाहता येईल.

बेरजेत नेमके काय हरवते?

समजा, पहिल्या ॲपला अध्यापनात ९, सुलभतेत ४, खर्चात ९ आणि गोपनीयतेत २ गुण मिळाले. दुसऱ्याला चारही निकषांत ६-६ मिळाले. दोघांची बेरीज २४ होते. कागदावर दोन्ही ॲप्स सारखीच. प्रत्यक्षात पहिले ॲप दृष्टिदोष असलेल्या मुलाला वापरताच येत नाही आणि मुलांची माहिती जाहिरात कंपन्यांकडे जाते. उत्तम धड्यांनी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून सुलभता आणि गोपनीयता या निकषांवर आधी ‘उत्तीर्ण की अनुत्तीर्ण’ एवढेच ठरवावे. तेथे टिकलेल्या ॲप्सचीच अध्यापन आणि खर्चात तुलना करणे योग्य ठरते.

अध्यापनाची कसोटी कशी घ्यावी?

चित्रे आकर्षक आहेत, मुले रमतात, या नोंदींवरून मुले काय शिकली ते कळत नाही. त्याऐवजी मुले करतात तीच चूक मुद्दाम करून पाहावी. एक छेद दोन अधिक एक छेद तीन याचे उत्तर अनेक मुले दोन छेद पाच असे लिहितात, कारण ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. हे उत्तर दिल्यावर ॲप फक्त ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत असेल, तर ते परीक्षा घेते, शिकवत नाही. दोन छेद पाच हे निम्म्याहूनही कमी आहे, मग निम्म्यात भर घालून उत्तर कमी कसे झाले, हे पट्टीवर किंवा भाकरीच्या तुकड्यांवर दाखवत असेल, तर तो धडा ठरतो.

दुसरी चाचणी अंदाजाची. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत प्रश्न न वाचता बोट ठेवले तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतात. तेवढ्यावर ॲप पुढच्या पातळीवर नेत असेल, तर त्याचा प्रगती अहवाल निरुपयोगी आहे.

कंपनी संशोधनाचा दाखला देते तेव्हा काय पाहावे?

प्रयोग कोणत्या परिस्थितीत झाला, ते. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणित व हिंदीत मुलांची प्रगती लक्षणीय होती. पण ती मुले शाळेनंतर केंद्रात येत, आठवड्यातून सहा दिवस, दिवसाला ९० मिनिटे. त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि उरलेला छोट्या गटात शिक्षकासोबत जाई. आठवड्याला दोन तासिका आणि चौघांत एक टॅब असलेल्या वर्गाला तोच निष्कर्ष लावता येत नाही.

सुलभता म्हणजे केवळ मराठी भाषेचा पर्याय का?

नाही. आधी मराठीच तपासावी. हिंदीवरून घाईने भाषांतर केलेल्या ॲपमध्ये ‘छेद’ऐवजी ‘हर’ दिसतो आणि बालभारतीच्या पुस्तकातून शिकणारे मूल अडते. त्यानंतर अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ ही वाचून दाखवणारी सोय सुरू करून, पडद्याकडे न पाहता एक धडा पूर्ण करून पाहावा. बटणांना नावे दिलेली नसतील, तर नुसते ‘बटण, बटण’ ऐकू येते. बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगाने दाखवत असल्यास हे रंग वेगळे न ओळखणाऱ्या मुलाला निकाल कळत नाही. शेवटी एअरप्लेन मोड सुरू करून पाहावे. नेटवर्क गेल्यावर धडा थांबतो का आणि सोडवलेली उत्तरे पुसली जातात का, हे ग्रामीण शाळेसाठी निर्णायक असते.

खर्चाचा खरा आकडा कोणता?

माहितीपत्रक सांगते, विद्यार्थ्यामागे वर्षाला ३०० रुपये, म्हणजे दिवसाला एक रुपयाहून कमी. आता ४० मुलांच्या वर्गाचा हिशेब मांडू. प्रत्येकी ९,००० रुपयांचे दहा टॅब चार वर्षे टिकले, तर वर्षाला २२,५०० रुपये. वर्गणी १२,००० रुपये. इंटरनेट व दुरुस्ती ७,५०० रुपये धरली, तर एकूण ४२,००० होतात. म्हणजे विद्यार्थ्यामागे १,०५० रुपये. वर्षभरात ४० मिनिटांच्या ६० तासिका झाल्या, तर ४० तास भरतात. पण टॅब चौघांत एक असल्याने प्रत्येकाच्या हाती तो दहाच तास येतो. म्हणजे एका मुलाच्या एका तासाला १०५ रुपये पडतात. हा आकडा समोर आला, की याच पैशांत अपूर्णांकांचे साहित्य संच किती येतील, हा प्रश्न विचारता येतो.

गोपनीयता कशी तपासायची?

२०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादने तपासली. त्यातील ८९ टक्क्यांच्या माहिती हाताळण्याच्या पद्धती बालहक्कांना धोकादायक आढळल्या. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ मंचाचा लाखो शिक्षक व विद्यार्थ्यांचा डेटा असुरक्षित सर्व्हरवर उघडा राहिल्याचे २०२३ मध्ये समोर आले. म्हणजे सरकारी शिक्का असला तरी तपासणी टळत नाही.

प्ले स्टोअरवरील ‘डेटा सुरक्षा’ विभागातील माहिती ॲप बनवणाराच भरतो. त्यामुळे ती पुरावा नव्हे, दावा मानावी. अपूर्णांक शिकवणारे ॲप ठिकाण किंवा संपर्क यादी मागत असेल, तर परवानगी नाकारून ते चालते का, हे पाहावे. ॲपमध्ये कोणत्या कंपन्यांचे ट्रॅकर आहेत, हे ‘एक्झोडस प्रायव्हसी’ या मोफत साधनावर शोधता येते. चाचणीसाठी खोट्या नावाने खाते उघडून ते पुसून टाकण्याची विनंती करावी आणि उत्तर किती दिवसांत आले, ते लिहावे.

कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्यांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना सूट आहे, पण ती शैक्षणिक काम व मुलांची सुरक्षा यांपुरतीच. बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर मुलांचे रक्षण शाळेच्या अहवालावरच अधिक अवलंबून आहे.

अहवालात शेवटी काय असावे?

ॲपची आवृत्ती, चाचणीचा दिनांक व उपकरण यांची नोंद हवी, कारण पुढच्या अपडेटनंतर ॲप बदललेले असते. प्रत्येक निष्कर्षासोबत काय करून पाहिले, ते एका वाक्यात असावे. ‘ॲप सुलभ आहे’ असे न लिहिता ‘टॉकबॅकवर तिसऱ्या प्रश्नानंतर पुढे जाता आले नाही’ असे लिहिल्यास मुख्याध्यापकांना निर्णय घेता येतो आणि कंपनीला उत्तर द्यावे लागते. शिफारस ‘घ्यावे’, ‘या अटी पूर्ण झाल्यावर घ्यावे’ किंवा ‘घेऊ नये’ यांपैकी एक असावी. ‘६० टक्के’ गुणांच्या अहवालात मात्र यांपैकी कोणतेही उत्तर नसते.