चिपचा वेग आणि न ताणले जाणारे आकडे

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे अहवाल माझ्याकडे अधूनमधून येतात. चिपचे डिझाइन केलेले असते, आराखड्याची सुबक चित्रे जोडलेली असतात आणि टायमिंगच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : १०० मेगाहर्ट्‌झला पास. मी आधी एकच ओळ शोधतो, हिशेब कुठल्या लायब्ररीवर केला ती. बहुतेक वेळा तिथे `sky130_fd_sc_hd__tt_025C_1v80` असते. हे नाव दिसले की मी ते पान उलटतो. चिप चालेल की नाही, हे त्यावरून कळतच नाही.

स्कायवॉटर कंपनीचे १३० नॅनोमीटरचे तंत्र २०२० साली गूगलच्या पुढाकाराने सर्वांना खुले झाले, म्हणून विद्यार्थी ते वापरतात. नावातल्या `tt` चा अर्थ दोन्ही जातींचे ट्रान्झिस्टर, एनमॉस आणि पीमॉस, सरासरी वेगाचे. तापमान २५ अंश, व्होल्टेज १.८०. म्हणजे कारखान्याला जमून आलेली वेफर, वातानुकूलित खोली आणि एक मिलिव्होल्टही न ढळणारा वीजपुरवठा. याच सेलसाठी कारखाना `ss_100C_1v60` आणि `ff_n40C_1v95` अशाही फायली देतो. पहिलीत ट्रान्झिस्टर मंद, चिप शंभर अंशांवर तापलेली, व्होल्टेज १.६० पर्यंत घसरलेले. दुसरीत सगळे उलट : ट्रान्झिस्टर चपळ, उणे ४० अंश, १.९५ व्होल्ट. हेच कॉर्नर.

हे आकडे कुणाच्या भीतीपोटी आलेले नाहीत. गेटची लांबी, ऑक्साइडची जाडी आणि डोपिंग प्रत्येक वेफरवर थोडे वेगळे उतरते. रेग्युलेटरने १.८ व्होल्ट दिले, तरी चिपच्या मधोमध पोहोचेपर्यंत धातूच्या तारांत त्यातले काही गळते. आणि उन्हात उभ्या गाडीतली चिप २५ अंशांवर राहत नाही.

इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढचे सूत्रही पाठ असते : सेटअप मंद कॉर्नरला तपासा, होल्ड चपळ कॉर्नरला. का, असे विचारले की मात्र बोलणे अडखळते.

आधी सेटअप. एका फ्लॉपमधून निघालेला डेटा लॉजिकमधून जाऊन क्लॉकच्या पुढच्या ठोक्याआधी दुसऱ्या फ्लॉपवर स्थिरावला पाहिजे. हिशेबापुरते आकडे घेऊ. फ्लॉपमधून बाहेर पडायला ०.४ नॅनोसेकंद, लॉजिकला ६.५, ठोक्याआधी स्थिर राहण्यासाठी ०.१ : एकूण ७. क्लॉकचा आवर्तकाल १० नॅनोसेकंद, म्हणजे ३ शिल्लक. या शिलकीला आम्ही स्लॅक म्हणतो. आता मंद कॉर्नरला सगळे सेल १.६ पट मंदावले असे धरू. सातचे ११.२ झाले आणि स्लॅक उणे १.२. अहवालातली १०० मेगाहर्ट्‌झची चिप उन्हाळ्यात चुकीची उत्तरे देणार. पण तिला उपाय आहे. क्लॉक १२ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सुमारे ८३ मेगाहर्ट्‌झचा केला की तीच चिप चालते. मंद निघालेली चिप कमी वेगाची म्हणून विकताही येते.

होल्डला ही सवलत नाही. तिथे प्रश्न पुढच्या ठोक्याचा नसून त्याच ठोक्याचा आहे. पहिल्या फ्लॉपचा नवा डेटा इतक्या लवकर पोहोचता कामा नये, की दुसरा फ्लॉप जुना डेटा टिपत असतानाच तो आत घुसेल. क्लॉकचा आवर्तकाल या समीकरणात येतच नाही, त्यामुळे क्लॉक कितीही मंद केला तरी चूक तशीच राहते. छापून आलेल्या चिपमध्ये हा दोष असेल, तर सहसा ती फेकायचीच.

आता खरा प्रश्न. चपळ कॉर्नरला सगळेच जर सारख्या प्रमाणात चपळ झाले, तर होल्ड बिघडावे कशाला? पट्टीही रबराची आणि कापडही रबराचे असेल, तर ताणल्यावर माप तेच येते. समजा डेटाला पोहोचायला ३२० पिकोसेकंद लागतात. दुसऱ्या फ्लॉपला क्लॉक २०० उशिरा पोहोचतो आणि फ्लॉपची स्वतःची होल्डची गरज ५०. म्हणजे ३२० विरुद्ध २५०, स्लॅक अधिक ७०. सगळ्याला ०.६ ने गुणले तर १९२ विरुद्ध १५०. स्लॅक आक्रसून ४२ झाला, पण अधिकच राहिला.

ग्यानबाची मेख त्या २०० मध्ये आहे. त्यातले १५० पिकोसेकंद लांबच्या धातूच्या तारेचे असतील आणि बफरचे फक्त ५०, तर तारेला ट्रान्झिस्टरच्या चपळतेशी घेणेदेणे नसते. बफरचे ३० होतात, तारेचे जवळपास १५० च राहतात. होल्डची गरज ३०. आता १९२ विरुद्ध २१०, स्लॅक उणे १८. सरासरी कॉर्नरला ७० ने पास झालेला मार्ग इथे नापास झाला, तोही चिप उत्तम छापली गेली म्हणून! सेटअपचेही मूळ हेच आहे : लॉजिक ताणले गेले, क्लॉकचा आवर्तकाल ताणला गेला नाही. कॉर्नर तपासायचे ते समीकरणाच्या दोन बाजू एकत्र हलत नाहीत म्हणून.

हे लक्षात घेतले की पाठ केलेले सूत्र अपुरे का, तेही दिसते. दुसऱ्या फ्लॉपकडे जाणाऱ्या क्लॉकच्या वाटेवरचे बफर डेटाच्या सेलपेक्षा जास्त मंदावणाऱ्या जातीचे असतील, तर होल्ड मंद कॉर्नरलाही मोडू शकते. तारांचेही स्वतःचे कॉर्नर असतात, कारण धातूची जाडी आणि रुंदीही बदलते. म्हणून जाणती मंडळी दोन्ही तपासण्या सगळ्या कॉर्नरना करतात. होल्ड दुरुस्त करायला डेटाच्या वाटेत डिले सेल घालतात. पण चपळ कॉर्नरला पुरेसा ठरणारा तो सेल मंद कॉर्नरला बराच फुगतो. वाट सेटअपलाही घट्ट असेल, तर तिथला स्लॅक तो खातो. माझ्या मते या धंद्यातल्या निम्म्या रात्री या ओढाताणीत जातात.

तापमानाने तर सूत्राची आणखी पंचाईत केली आहे. उष्णतेने ट्रान्झिस्टरमधल्या विद्युतभारांची चाल मंदावते, पण त्याच वेळी ट्रान्झिस्टर सुरू व्हायला लागणारे थ्रेशोल्ड व्होल्टेजही उतरते. एक परिणाम मंद करणारा, दुसरा चपळ. पुरवठ्याचे व्होल्टेज भरपूर असेल तर पहिला जिंकतो आणि गरम चिप मंद असते. व्होल्टेज थ्रेशोल्डच्या जवळ आले की दुसरा जिंकतो आणि थंडगार चिपच मंद ठरते. नव्या, कमी व्होल्टेजच्या तंत्रांत म्हणून मंद ट्रान्झिस्टर आणि कमी व्होल्टेजची जोडी गरम आणि थंड अशा दोन्ही टोकांना तपासावी लागते. मधल्या एखाद्या तापमानाला सर्वांत वाईट वेळ येण्याचीही शक्यता उरतेच.

शिवाय कॉर्नर धरून चालतो की अख्खी चिप एकसारखी मंद किंवा एकसारखी चपळ आहे. एकाच चिपवर शेजारचे दोन ट्रान्झिस्टरही वेगळे निघतात, त्यासाठी प्रत्येक कॉर्नरच्या आत एका वाटेला थोडे मंद आणि दुसरीला थोडे चपळ धरून वेगळी सूट ठेवावी लागते. विद्यार्थ्यांकडून एवढ्याची अपेक्षा मी करत नाही. अहवालात `ss` चा सेटअप, `ff` चा होल्ड आणि दोन्हींतल्या सर्वांत वाईट वाटेचा ओळीओळीने फोडलेला हिशेब असला, तर तो मी शेवटपर्यंत वाचीन, मग स्लॅक उणे का असेना.