सुई टोचली, वजन लिहिलं... पण बाळ हसतंय का, हे विचारलं कुणी?

परवा करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी तासभर बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या गावाचा नाही. एक आजी नातवाला घेऊन आली. पोर साडेतीन महिन्यांचं, दिवस पूर्ण भरून जन्मलेलं, पेंटाचा तिसरा डोस. वजन झालं, सुई झाली, कार्डावर सही झाली. जाता जाता आजी म्हणाली, "सिस्टर, हे पोरगं आमच्या तोंडाकडं बघतच नाही ओ. हसत बी नाही." सिस्टर म्हणाल्या, "बघंल की आजी, लहान हाय अजून." आणि पुढचं बाळ आत आलं.

मित्रांनो, इथंच माझं भांडण आहे. साडेतीन महिने म्हणजे "लहान हाय अजून" नव्हे.

नवं बाळ झोपेत हसतं, तेव्हा आपल्याकडं सटवाई हसवतेय म्हणतात. ते हसू आपल्यासाठी नसतं. खरं हसू साधारण दीड ते दोन महिन्यांनी येतं. बाळ जागं असतं, तुमच्या तोंडाकडं बघतं, आणि बघून हसतं. त्याच सुमारास ते डोळ्याला डोळा लावून टिकवायला लागतं आणि चेहरा हलला की नजर मागं फिरवतं. दोन-तीन महिन्यांत "आ", "ऊ", "अग्गू" सुरू होतं. तुम्ही बोललात की ते थांबतं, तुम्ही थांबलात की ते आवाज काढतं. गप्पाच असतात त्या, फक्त शब्द नसतात.

दोन-चार आठवडे इकडंतिकडं होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं वय तर जन्मापासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ साडेतीन महिन्यांना दीड महिन्याचंच धरायचं. पण दिवस भरलेलं बाळ तीन महिने उलटून गेले तरी तोंड बघून हसत नसेल, नजर लावत नसेल, तर त्याला दाखवायला न्यायचं. वाट बघायची नाही.

का नाही? कारण न हसण्यामागं डोळा असू शकतो. जन्मजात मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच शस्त्रक्रिया व्हावी लागते. उशीर झाला तर डोळा साफ होतो, पण मेंदू नीट बघायला शिकत नाही. बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

कानाची गंमत तर आणखी फसवी आहे. ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला "अग्गू" करतं! त्यामुळं आवाज काढतंय म्हणजे ऐकतंय असं नसतं. घरी ताट वाजवून बघतात, तेही फसवं. बाळाला तुमचा हात हललेला दिसतो, पलंगाला हादरा बसतो. म्हणून कानाची तपासणी यंत्रानंच, शक्यतो पहिल्या महिन्यात. दोष असेल तर तो तीन महिन्यांच्या आत पक्का कळायला हवा आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत.

आता सरकारी वेळापत्रक बघा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यानंतरची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बाळ हसायला आणि बोलायला लागतं, नेमक्या त्या दिवसांत घरी कुणी येत नाही! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरमधून सुरू झाला. पण त्याचं पथक अंगणवाडीत येतं वर्षातून दोनदा. दोन महिन्यांचं तान्हं पोर अंगणवाडीत कोण घेऊन जातंय?

उरतं काय? लसीचे दिवस. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. निसर्गाचं वेळापत्रक आणि सुईचं वेळापत्रक इतकं जुळलंय की मुद्दाम ठरवूनही जुळलं नसतं. बाळ तीन वेळा आपल्या पायानं नाही, पण आईच्या कडेवर बसून व्यवस्थेच्या दारात येतं. आणि आपण त्याची फक्त मांडी बघतो.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "आमच्या आज्यांनी कुठं काय मोजलं होतं?" अहो, मोजत होत्या की! बाळंतिणीच्या खोलीत म्हातारी पाय लांब करून बसायची, पायावर बाळ घ्यायची, तेल लावताना वीतभर अंतरावरून त्याच्याशी बोलायची. नव्या बाळाला तेवढ्याच अंतरावरचं बरं दिसतं. बाळ बघत नसेल तर तिला आठवड्यात कळायचं. परवाच्या आजीलाही कळलंच होतं. ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

आणि काही घरांत आता ती म्हातारीही नाही. इचलकरंजीत एका खोलीत एकटी राहणारी आई, बीडवरून फडात ऊस तोडायला आलेली आई, बांधावर झोळीत पोर. कधीकधी बाळाचे डोळे-कान ठणठणीत असतात, पण आईच आतून मिटलेली असते. हसऱ्या चेहऱ्याशिवाय बाळ हसायला कुणाकडं बघून शिकणार? गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या आयांचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आया नैराश्यात होत्या. मुलगी झाली म्हणून घरच्यांची तोंडं वाकडी, नवऱ्याची मारहाण, ही त्यामागची कारणं. पुढं अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनात आणि बौद्धिक वाढीतही मागं दिसली. म्हणजे पहिल्या लसीच्या दिवशी समोर बसलेल्या दर चार-पाच आयांमागं एक. तिला "ताई, तू बरी आहेस ना?" असं विचारतं कोण?

आणि कृपा करून यावर मोबाईलवरची बालगीतं हा उपाय सांगू नका. व्हिडिओ बाळाच्या "अग्गू"साठी थांबत नाही. थांबून उत्तर देतो तो माणूस. बापानं दिलं तरी चालतं, त्याला कुणी अडवलेलं नाही.

सिस्टरला दोष देत नाही. एका दिवसात लसी, नोंदी, ॲप, रजिस्टर, सगळं तिच्याच गळ्यात. मागणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडं आहे आणि ती फार छोटी आहे. अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला तीन प्रश्न सक्तीनं विचारा आणि उत्तरं कार्डावर लिहा. तोंड बघून हसतं का? नजर लावून मागं फिरवतं का? कानाची तपासणी झाली का? एक जरी "नाही" आलं तरी त्याच दिवशी सीपीआरची चिठ्ठी. आणि आईला एक प्रश्न, तिच्या स्वतःबद्दल. यंत्र लागत नाही, टेंडर लागत नाही. दोन मिनिटं लागतात.

त्या आजीला मी सीपीआरचा रस्ता सांगितला. पुढचं त्या घरचं आहे, ते इथं लिहिणार नाही. पण तिला तो रस्ता एका पत्रकारानं सांगावा लागला, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटायला पाहिजे.

तुमच्या घरात, शेजारी तान्हं बाळ असेल तर आज त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन एक मिनिट बोला आणि मग गप्प बसून बघा. ते काय म्हणतंय ते कमेंटमध्ये सांगा.