कथेवरचा निबंध दोन तुकड्यांत का मोडतो?

पदव्युत्तर मराठीच्या परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे दिवस जवळ आले की कथेवरच्या निबंधांचे गठ्ठे आपल्या टेबलावर येऊ लागतात. त्यातले बहुतेक निबंध एकाच साच्यातले असतात. आधी लेखकाचा जीवनपट, मग कथानकाचा गोषवारा, मग 'आशयसूत्र' या मथळ्याखाली दारिद्र्य, शोषण, माणुसकी आणि शेवटी 'निवेदनतंत्र' या मथळ्याखाली तृतीयपुरुषी निवेदन, ग्रामीण भाषा, प्रतिमा. शेवटचे पान फाडून दुसऱ्या कुठल्याही कथेच्या निबंधाला जोडले, तरी चालून जाईल असे असते. आशय आणि तंत्र यांची तिथे गाठच पडत नाही. या अंकात तेवढ्याच एका दोषाबद्दल लिहायचे आहे आणि त्यासाठी अनेकांनी वर्गात शिकवलेली एक कथा समोर ठेवतो: अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'.

शेजारच्या गावात कुणी सावकार मेल्याचे भीमाला कळते आणि तो आनंदतो, इथून कथा सुरू होते. का आनंदतो, हे आपल्याला अजून ठाऊक नसते. त्यानंतर निवेदक मागे जातो: गाव सोडून मुंबईला आलेला धिप्पाड भीमा, उपनगराजवळच्या दगडाच्या खाणीत मिळालेले काम, ती खाण बंद पडणे, राखेच्या ढिगात सापडलेली सोन्याची अंगठी आणि तिथून लागलेली मढी उकरण्याची वाट. मग कथा वर्तमानात येते. रात्री सावकाराचे प्रेत शोधायला गेलेल्या भीमाची कोल्ह्यांशी झुंज होते. मढ्याच्या तोंडातले सोने काढताना जबडा मिटतो आणि त्याची बोटे आत अडकतात. घरी येतो तेव्हा हात निकामी झालेला असतो, डॉक्टरला दोन बोटे कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते.

विद्यार्थ्याला पहिल्यांदा एवढेच करायला सांगावे: एका कागदावर घटना प्रत्यक्ष घडल्या त्या क्रमाने लिही आणि शेजारी सांगितल्या गेल्या त्या क्रमाने लिही. दोन रांगा जिथे फाटतात तिथे खूण कर. इथे पहिली फट सुरुवातीलाच दिसते. कथा गावाहून येण्यापासून किंवा खाणीपासून सुरू झाली असती, तर वाचक भीमाबरोबर हळूहळू घसरत गेला असता आणि शेवटी त्याला फक्त कीव वाटली असती. साठे उलट करतात. मरणाच्या बातमीने खूश होणारा माणूस आधी समोर उभा करतात आणि आपल्याला त्याचा तिटकारा वाटू देतात. त्या तिटकाऱ्याला खाणीची हकिगत उत्तर देते. वाचकाने आधी निवाडा करावा आणि मग तो मागे घ्यावा, हे काम घटनाक्रमाच्या उलटापालटीने झाले आहे. 'शोषण' हा शब्द एकदाही न वापरता आशयसूत्राविषयी काही ठोस लिहायची जागा इथे सापडते.

दुसरी खूण वेळेची. खाणीतले महिने थोडक्यात उरकतात, एका रात्रीला मात्र कथेतली सर्वात मोठी जागा मिळते. निवेदक भीमाच्या अंगाला चिकटून राहतो. अंधार, पहार, कोल्ह्यांचे दात, जबड्यात सापडलेली बोटे हे सगळे आपण त्याच्या शरीरातून अनुभवतो. हे शरीर खाणीत दगड फोडणारे आहे, हे वाचक विसरत नाही. म्हणून बोटे जातात तेव्हा नुसता अवयव जात नाही, मजुरीचे साधन जाते. कथेचा विषय 'गरिबी' असा मोघम न ठेवता 'ज्याच्याजवळ अंगबळाखेरीज काही नाही, त्याच्या अंगाची किंमत कोण ठरवते' असा नेमका करता येतो, आणि तो मजकुरात दाखवता येतो.

इथे कोल्ह्यांची अडचण हमखास येते. निबंधात ते 'शोषक वर्गाचे प्रतीक' होऊन बसतात. ताळा सोपा आहे: कथेत कोल्हे काय करतात? ते भुकेले आहेत आणि ज्या मढ्यासाठी भीमा आला आहे त्याच मढ्यासाठी आले आहेत. ते भीमाचे प्रतिस्पर्धी आहेत, जवळजवळ त्याच्याच बाजूचे. प्रतीक लावले की ते कथेतल्या कृतीवर ठेवून पाहावे. कृती त्याला आधार देत नसेल तर ते विद्यार्थ्याने खोडावे आणि परीक्षकाने त्याला गुण देऊ नयेत.

'तटस्थ निवेदन' हा शब्दही असाच सवयीने येतो. साठ्यांचा निवेदक सर्वसाक्षी आहे, पण तटस्थ नाही. झुंजीच्या वर्णनात त्याचा सूर चढतो, वाक्ये जोरकस होतात, शाहिराच्या कथनाची गती त्यात येते. मग कथा भडक होते का? होते, काही ठिकाणी. हे विद्यार्थ्याने लिहायला हवे आणि त्याबरोबर हेही पाहायला हवे की शेवटी तोच निवेदक आवरते घेतो. बोटे कापल्याची आणि खाण सुरू झाल्याची, अशा दोन बातम्या तो शेजारी शेजारी ठेवतो आणि त्यांच्यामधला अन्याय समजावून सांगत बसत नाही. आधीचा चढा सूर आणि शेवटचा संयम ही दोन टोके एकत्र वाचली तरच निवेदनतंत्राविषयी काही बोलता येते.

तुलना घ्यायचीच तर एकच घ्यावी. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत निवेदक 'मी' आहे. त्याचे गुपित वाचकाला ठाऊक असते, भोवतालच्या माणसांना नसते, आणि ताण त्या अंतरातून येतो. हीच कथा तृतीयपुरुषात सांगितली तर काय हरवेल, असे विचारावे. भीमाची कथा 'मी'ने सांगितली असती तर पहिल्या ओळीतला तिटकारा जमलाच नसता, कारण सांगणारा स्वतःची बाजू मांडू लागला असता. पाच कथांची नावे टाकण्यापेक्षा हा एक प्रश्न निबंधाला जास्त पुढे नेतो.

लेखकाचा जीवनपट किती घ्यावा? वाटेगावात 1920 साली जन्म, मुंबईतला कामगारपणा, शाहिरी, चळवळ. यातले जे मजकुराला उजेड देते तेवढेच घ्यावे. मुंबईतल्या मजुरीचा अनुभव इथे उपयोगी आहे, सन्मानांची यादी नाही. जीवनपट दोन वाक्यांपलीकडे गेला की निबंधाचा सूर व्याख्यानाचा होतो.

विद्यार्थ्यांना बोल लावताना आपली प्रश्नपत्रिकाही पाहावी लागेल. 'अमुक कथेचे आशयसूत्र व निवेदनतंत्र स्पष्ट करा' असा प्रश्न आपणच दोन भागांत विचारतो, गुणही मनात दोन भागांत विभागतो आणि मग उत्तर दोन भागांत आले म्हणून नाराज होतो. प्रश्नच असा असावा: 'खाण सुरू झाल्याची बातमी भीमा स्मशानाकडे निघण्याआधी आली असती, तर कथेच्या आशयात कोणता फरक पडला असता? कथेतील प्रसंगांच्या आधारे लिहा.' अशा प्रश्नाला पाठ केलेला मजकूर पुरत नाही. येत्या सत्रासाठी प्रश्नसंच करणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की आपल्या पाठ्यकथांवर या धर्तीचा निदान एक प्रश्न करून पाहावा आणि आलेल्या उत्तरांतली दोन-तीन आम्हाला पाठवावीत. पुढच्या अंकात त्यांवर चर्चा करू.