‘निदान सलाईन तरी लावा’

मी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या घरी जाणारी नर्स आहे. ‘सिस्टर, निदान सलाईन तरी लावा’ हे वाक्य ज्या घरी ऐकलं नाही, असं घर मला क्वचितच सापडतं. घरच्यांवर माझा राग नाही. राग आहे आमच्यावर, कारण बोलण्यापेक्षा सुई टोचणं आम्हाला सोपं जातं.

मागच्या वर्षीची गोष्ट. सत्तरीच्या एक काकू, लिव्हरपर्यंत पसरलेला कॅन्सर. दिवसभर झोप, गोळी गिळता येत नाही, लघवी अगदी कमी, हातपाय गार. हे सगळं एकत्र दिसलं की बहुधा थोडेच दिवस उरलेले असतात. तरी गावातल्या दवाखान्यातून रोज एक लिटर सलाईन चालू होतं. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, छातीत घरघर वाढली. थकलेल्या शरीराला ते पाणी पेलत नव्हतं.

मुलगा म्हणाला, “आई उपाशी जाईल हो.”

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी विचारलं, “दादा, आईचं काय चाललंय असं तुम्हाला वाटतं?”

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “ती चाललीय.”

“हो. खात नाही म्हणून ती चाललेली नाही. ती चाललीय म्हणून तिची भूक गेलीय.”

डॉक्टरांशी फोनवर बोलून आम्ही सलाईन थांबवलं. अमेरिकेत 129 हॉस्पिस पेशंटवर झालेल्या, 2013 साली छापून आलेल्या अभ्यासात रोज एक लिटर आणि रोज फक्त 100 मिली देऊन तुलना केली होती. त्रासात फरक पडला नाही, आयुष्यही वाढलं नाही. अर्थात उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या आणि अजून हिंडत्याफिरत्या पेशंटला सलाईन जरूर द्यावं. तो प्रश्न वेगळा आहे.

पण ‘थांबवा’ म्हणून निघून जाणं हाही पळपुटेपणाच. हातांना काम हवं असतं. कोरडं पडतं ते तोंड. म्हणून सुनेला दाखवलं, दर तासा-दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड आतून पुसायचं, ओठांना व्हॅसलीन लावायचं. रात्री घरघर वाढली तर कुशीवर वळवायचं, डोकं थोडं उंच ठेवायचं. हा आवाज ऐकणाऱ्याला छळतो, बेशुद्ध माणसाला बहुधा नाही, हेही आधीच सांगितलं. मॉर्फिन गिळता येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्याचं प्रमाण बदलून ते कातडीखालच्या सुईने द्यायला सांगितलं. हे सगळं एका कागदावर लिहून, खाली फोन नंबर टाकून, तो कपाटावर चिकटवला.

दोन दिवसांनी पहाटे काकू गेल्या. मुलगा त्यांचे ओठ पुसत होता.

सलाईनच्या बाटलीने त्याला आईपासून एक हात लांब, खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही वीस मिनिटं बोलायला तयार असतो, तर ते तीन दिवसही त्याला मिळाले असते.