बिलातली गळती आणि निर्धन रुग्णांचा निधी

१. धर्मादाय रुग्णालयाच्या बिलांची अंतर्गत तपासणी ही विश्वस्तांची खासगी बाब मानली जाते. माझ्या मते ती तशी नाही. महाराष्ट्रातल्या या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखायच्या असतात. शिवाय बाकीच्या रुग्णांच्या ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम, कसलीही वजावट न करता, निर्धन रुग्ण निधीत भरायची असते. म्हणजे एखादी सेवा बिलात लागलीच नाही, तर त्या निधीचाही वाटा बुडतो. आणि सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर हे २ टक्के काढले, तर प्रत्येक सवलतीचा काही भार गरीब रुग्णांवर पडतो. तपासनिसाने पहिल्याच दिवशी निधीचा हिशेब कोणत्या आकड्यावर केला आहे, ते पाहावे. त्याला जेमतेम तासभर लागतो.

२. न लागलेली सेवा बिलात शोधून सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच. म्हणून सुरुवात सेवा जिथे दिली गेली त्या वहीपासून करायची: शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, डायलिसिसची वही, रक्तपेढीचे वितरण रजिस्टर, फिरत्या एक्स-रेची नोंद. तिथून रुग्णाच्या केसपेपरवर यायचे आणि शेवटी बिलावर.

समजा, अतिदक्षता विभागात नऊ दिवस राहिलेल्या एका रुग्णाचे बिल तपासायला घेतले. वहीत खाटेजवळ काढलेले सात एक्स-रे आहेत, बिलात चार. प्रत्येकी ६०० रुपयांनी १,८०० राहिले. डायलिसिस तीन वेळा झाले, बिलात दोनच आहेत. तिसरे रविवारी रात्री झाले आणि सोमवारी ज्याची पाळी होती त्याला वाटले की आधीच्याने चार्ज टाकला असेल. ते २,८०० रुपये. रक्तपेढीने लाल पेशींच्या सहा पिशव्या दिल्या, बिलात चार आहेत. इथे घाई केली तर दोन पिशव्यांची गळती लिहून मोकळे होऊ, पण परत आलेल्या पिशव्यांची नोंद पाहिली तर एक न वापरता परत गेली आहे. गळती एकाच पिशवीची, १,५५० रुपयांची. एकूण ६,१५० रुपये लागले नाहीत.

त्याच केसपेपरमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. रुग्णाची श्वासनलिकेतली नळी सहाव्या दिवशी सकाळी निघाली, तरी सातव्या दिवशीही व्हेंटिलेटरचे ३,००० रुपये लागले आहेत. संगणकात रोजचा चार्ज आपोआप पडतो आणि तो बंद करायला कुणी विसरले.

३. आता या दोन रकमांची वजाबाकी करून ‘निव्वळ गळती ३,१५०’ असे अहवालात लिहू नये. ३,००० रुपये त्या रुग्णाचे आहेत आणि ते त्याला परत द्यायला हवेत. ६,१५० रुपये मात्र घरी गेलेल्या माणसाकडे मागता येत नाहीत. विमाधारक असेल तर कंपनीही अंतिम मंजुरीनंतर वाढलेले बिल सहसा घेत नाही. म्हणूनच तपासणीचा खरा उपयोग डिस्चार्जच्या आधी आहे. अतिदक्षता, शस्त्रक्रिया आणि डायलिसिस या तीन ठिकाणच्या वह्या रोज सकाळी आदल्या दिवसाच्या चार्जशी ताडल्या, तर मोठ्या चुका रुग्ण खाटेवर असतानाच सापडतात.

पॅकेजच्या रुग्णांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. तिथे बिलात एक एक्स-रे कमी दिसला म्हणून उत्पन्न बुडाले असे नसते. अशा ‘सापडलेल्या’ रकमा धरून फुगवलेले अहवाल बरेच असतात.

४. सवलत हे सगळ्यात नाजूक प्रकरण, कारण गैरव्यवहाराला सही असते. नेहमीची युक्ती साधी आहे. नातेवाईक पूर्ण रक्कम रोख भरतात आणि निघून जातात. नंतर संगणकात त्या बिलावर ४,९०० रुपयांची सवलत चढते आणि तेवढी रोकड गल्ल्यातून उचलली जाते. ४,९००च का? कारण पर्यवेक्षकाच्या अधिकाराची मर्यादा ५,००० असते.

हे ओळखायला सवलत नोंदवल्याची वेळ आणि पैसे मिळाल्याची वेळ शेजारी ठेवायची. सवलत पावतीनंतरची असेल, नोंदवणारा आणि रोकड घेणारा एकच असेल, सगळी बिले रोखीची असतील आणि रकमा मर्यादेच्या किंचित खाली असतील, तर रुग्णाला फोन करून त्याच्याकडची पावती किती रुपयांची आहे ते विचारावे. आतल्या कागदांपेक्षा बाहेर गेलेल्या त्या कागदावर माझा जास्त विश्वास आहे.

दुसरा प्रकार चोरीचा वाटत नाही, म्हणून चालून जातो. विश्वस्तांची चिठ्ठी घेऊन आलेल्या ओळखीच्या माणसाला सूट मिळते आणि ती निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात टाकली जाते. या निधीतून खर्च दाखवायचा तर फाइलमध्ये तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा योजनेने मान्य केलेले शिधापत्रिकेसारखे कागद हवेत. चिठ्ठी हा पुरावा नव्हे. विश्वस्तांना उदार व्हायचेच असेल तर रुग्णालयाच्या खर्चाने व्हावे, निधीच्या नव्हे.

५. विम्याच्या दाव्यात पैसा बिलानंतर गळतो. एका दाव्याला १,७१,५०० रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी टीपीए संस्था पैसे देताना १० टक्के टीडीएस कापते, म्हणजे १७,१५०. बँकेत १,५४,३५० यायला हवे होते, आले १,४५,३५०. लेखा विभागाने २६,१५० रुपयांचा सगळा फरक टीडीएसच्या नावे टाकला आणि दावा बंद केला.

यात ९,००० रुपये हरवले आहेत. ते दिसतात दोन ठिकाणी. आयकराच्या फॉर्म २६ एएसमध्ये टीडीएस १७,१५०च दिसतो. वहीतल्या टीडीएसशी तो जुळत नाही. आणि टीपीएच्या सेटलमेंट पत्रात कारण लिहिलेले असते: इम्प्लांटचे इन्व्हॉइस जोडलेले नाही. ते इन्व्हॉइस खरेदी विभागात होते, इम्प्लांटचा स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला होता. दोन्ही पाठवले असते तर रक्कम मिळण्यासारखी होती. पण सेटलमेंट पत्र विमा कक्षाकडे जाते, बँकेचा तपशील लेखा विभागाकडे, आणि दोन्ही कागद एकत्र पाहणे हे कुणाच्याच कामात लिहिलेले नसते. प्रत्येक दाव्याची मंजूर रक्कम, टीडीएस, बँकेत आलेली रक्कम आणि कपातीचे कारण एका ओळीत आणणे हे तपासणीचे अर्धे काम आहे. कारणांची बेरीज केली की कपात खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे होते, की न दिलेल्या उत्तरांमुळे, ते कळते. पहिलीवर रुग्णालय फारसे काही करू शकत नाही, दुसरी पूर्णपणे त्याच्या हातात असते.

६. या पद्धतीची मर्यादा: जे कुठेच लिहिले गेले नाही, ते सापडणार नाही. ड्रेसिंग, नेब्युलायझेशन यांची वही बहुधा नसतेच. तिथे भांडारातून वॉर्डाला गेलेले ड्रेसिंगचे संच आणि बिलात लागलेली ड्रेसिंग यांची महिन्याची तुलना करता येते. त्यातून वॉर्ड कळतो, रुग्ण नाही.

७. राहिला तपासनिसाच्या मेहनतान्याचा प्रश्न. सापडलेल्या गळतीचा ठरावीक टक्का फी म्हणून देणे मला अजिबात मान्य नाही. अशा माणसाला बिलात न लागलेले तिसरे डायलिसिस दिसेल, सातव्या दिवसाचा व्हेंटिलेटर दिसणार नाही. फी ठरलेली असावी, अहवालात जास्त लागलेल्या आणि कमी लागलेल्या रकमा वेगवेगळ्या असाव्यात, आणि निर्धन रुग्ण निधीशी संबंधित पान धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाणाऱ्या हिशेबाला जोडावे.