ताबा नानांकडे, मग बँकेत सही कोणाची?

आई-वडील नसलेलं किंवा दुरावलेलं मूल नाना-नानीकडे वाढतं, हे आपल्या वाशिम जिल्ह्यात नवं नाही. अडचण येते ती कागदांवर. शाळेत नानांची सही चालते, बँकेत तीच परत येते. असं का होतं?

कारण ताबा आणि पालकत्व या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अथर हुसेन विरुद्ध सय्यद सिराज अहमद या खटल्यात हेच स्पष्ट केलं. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, मुलं नानांच्या घरी होती. न्यायालयाने अंतरिम ताबा नानांच्या घरीच ठेवला, पण वडिलांचं पालकत्व हा वेगळा प्रश्न मानला.

शाळेचं काम त्यामुळे सोपं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 'पालक' म्हणजे मुलाची देखभाल व ताबा असलेली व्यक्तीही येते. बँक मात्र पैशाला हात लावू देते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाला. 1 जुलै 2025 पासून लागू झालेले रिझर्व्ह बँकेचे नियमही हेच सांगतात. आईला पालक म्हणून खातं उघडता येतं, नाना-नानींचा वेगळा उल्लेख नाही. मुस्लिम कायद्यात मालमत्तेचे पालक आधी वडील, मग त्यांनी मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती, मग दादा. नाना या यादीत नाहीत.

समजा, मंगरूळपीरची अकरा वर्षांची मुलगी नानांकडे राहते. आई-वडील दोघेही गेले, वडिलांच्या विम्याची रक्कम तिच्या नावावर यायची आहे, दादा अकोल्यात आहेत. नानांनी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा तो वाशिमच्या जिल्हा न्यायालयात, कारण मुलगी राहते तिथलं न्यायालय लागतं. अर्जात तिची जन्मतारीख, जवळचे नातेवाईक आणि मालमत्ता लिहावी लागते. सोबत नानांचं संमतीपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. दादांना नोटीस जाते; त्यांनी लेखी संमती दिली तर वाद उरत नाही.

आदेश हाती आला की एक गोष्ट नीट वाचा: नेमणूक मुलीच्या 'व्यक्ती'साठी आहे की 'व्यक्ती आणि मालमत्ता' दोन्हींसाठी? नुसता ताबा किंवा व्यक्तीपुरती नेमणूक असेल तर बँक अडवणारच. मालमत्तेची विनंती अर्जातच केलेली असावी. स्टॅम्पपेपरवर नोटरीने केलेलं प्रतिज्ञापत्र या आदेशाची जागा घेत नाही. बँकेला प्रमाणित नक्कल द्या, मूळ आदेश घरी ठेवा.

मर्यादाही आहे. पालक नेमला तरी मुलीचं घर किंवा शेत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता अथवा गहाण ठेवता येत नाही. आणि ती 18 वर्षांची झाली की सही तिचीच.