"कसं काय, सर?" याला काय उत्तर द्यावं?

सकाळी फोन येतो, "काय सर, कसं काय?" पलीकडे केंद्रप्रमुख असतात. पटसंख्येचा तक्ता आजच हवा असणार, हे आपण ओळखतो. दोन दिवस अंगात ताप असला तरी तोंडातून निघतं, "मजेत!" इथंच आपण फसतो. मजेत असलेला माणूस कामाला नाही कसं म्हणणार? आणि संध्याकाळी तक्ता गेला नाही की मग तापाचं कारण खोटं वाटतं.

उलट डॉक्टरांपासून गोळ्यांपर्यंत सगळं सांगत बसलो, तर ते नुसतं "हो का, हो का" करत आपलं संपायची वाट बघतात.

माझ्या मते, कामावर परिणाम होणार आहे तेवढंच खरं सांगावं आणि लगेच त्यांच्या कामाकडे वळावं. "साहेब, दोन दिवस ताप आहे, घरीच आहे. काय काम होतं?" तक्ता मागितला तर, "आज नाही जमणार, उद्या ११ पर्यंत देतो." त्यांनी थांबून "काय झालं?" विचारलं, तरच पुढचं बोलावं.

आणि दुःख कामाशी संबंध नसलेलं असेल, तर "चाललंय" एवढं पुरे. ते खोटंही नसतं.